पायाच्या खोदाईतली माती: भराव, सपाटीकरण आणि मातीच्या विटा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुणे आणि आसपास बंगला किंवा दोन-तीन मजली इमारत बांधणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. बहुतेक प्लॉटवर वर काळी माती आणि खाली मुरूम अशी रचना असते, म्हणून उत्तरंही तीच रचना धरून दिली आहेत. तळघर असलेल्या मोठ्या प्रकल्पांचं गणित वेगळं असतं. तिथे मुरूम आणि दगड गरजेपेक्षा कितीतरी जास्त निघतो, त्याचा विचार इथे केलेला नाही.

पाया खोदताना नेमकं काय काय बाहेर येतं?

पुण्याखाली बसाल्टचा काळा पाषाण आहे. तो झिजून वर जे थर तयार झाले, ते वरून खाली साधारण असे लागतात: काळी माती, मग पिवळसर किंवा पांढुरके खडे मिसळलेली माती, मग मुरूम, त्याखाली मांजऱ्या म्हणजे कच्चा खडक आणि शेवटी पक्का पाषाण. टेकडीच्या बाजूला, बावधन-बाणेरकडच्या उतारांवर, काळी माती वीतभरच असते आणि लगेच मुरूम लागतो. मुळा-मुठेच्या काठाने पूर्वेकडे, मांजरी-थेऊरच्या दिशेने गेलात की काळ्या मातीची जाडी वाढत जाते.

कामाच्या दृष्टीने यातले दोनच माल महत्त्वाचे: काळी माती आणि मुरूम. दोघांचे गुण अगदी उलट आहेत. मुरूम पाणी घेऊनही आकार बदलत नाही, दाबला की घट्ट बसतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा देते. एकाच जेसीबीच्या बकेटमध्ये हे दोन माल मिसळले की दोन्ही वाया जातात.

कोणता थर किती जाड आहे हे खोदाई सुरू होण्याआधी कसं कळेल?

प्लॉटच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत आणि मध्यभागी, असे तीन चाचणी खड्डे घ्या. प्रत्येक खड्डा सुमारे १ मीटर लांब-रुंद आणि पायाच्या खोलीइतका असावा. जेसीबी आलाच असेल तर तासाभराचं काम आहे. खड्ड्याच्या भिंतीवर टेप धरून फोटो काढा आणि रंग बदलतो ती खोली लिहून ठेवा. तिन्ही ठिकाणी काळ्या मातीची जाडी सारखी नसेल तर आश्चर्य वाटून घेऊ नका. उताराच्या खालच्या बाजूला ती जास्तच असते, आणि जुना नाला किंवा विहीर बुजवलेली असेल तर तिथे अचानक खोल जाते. अशा जागी राडारोडा, प्लास्टिक, जुनी कौलं दिसली तर तो माल भरावासाठी धरूच नका.

स्ट्रक्चरल इंजिनीअरने मातीची तपासणी सांगितली असेल तर हेच खड्डे त्यासाठीही वापरता येतात.

काळी माती जोत्यात भरली तर नक्की काय बिघडतं? वर फरशीच तर येणार आहे.

अडचण फरशीखालीच येते. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते आणि पाणी गेलं की आकसते. बाथरूमचा पाइप झिरपला, बागेचं पाणी जोत्याकडे आलं किंवा पहिलाच जोरदार पावसाळा लागला की फरशी मध्यभागी उचलली जाते. टाइल्स पोकळ वाजायला लागतात, दरवाजे खालून घासतात आणि जोत्यावरच उभ्या केलेल्या आतल्या पातळ भिंतींना तिरक्या भेगा जातात. कॉलम आणि बीम मात्र शाबूत असतात, कारण ते खाली मुरुमावर किंवा खडकावर टेकलेले असतात. म्हणून अशा भेगा बघून लोक बांधकामाला दोष देतात आणि भराव कुणी तपासतच नाही.

माती किती फुगते हे घरीही बघता येतं. माती वाळवून कुटा आणि ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळा. १०-१० ग्रॅमचे दोन भाग करा. १०० मिलिलीटरच्या दोन मोजपात्रांत एक-एक भाग टाका, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल भरा. ढवळून बुडबुडे घालवा आणि २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून तिची पातळी हा पाया. पाण्यातली वाढ टक्क्यांत अशी काढा:

```
फुगवटा % = (पाण्यातलं आकारमान - रॉकेलमधलं आकारमान) / रॉकेलमधलं आकारमान x 100
```

रॉकेलमध्ये १० आणि पाण्यात १७ आलं तर फुगवटा ७० टक्के. ५० च्या वर आकडा गेला की ती माती फरशीखाली किंवा पेव्हिंगखाली जाता कामा नये. चांगल्या मुरुमाच्या बारीक भागात दोन्ही पातळ्या जवळजवळ सारख्या दिसतात. भारतीय मानक आय.एस. २७२० च्या भाग ४० मध्ये हीच चाचणी आहे, प्रयोगशाळेकडून लेखी अहवाल हवा असेल तर तो भाग नाव घेऊन मागा.

ढीग वेगळे ठेवायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं?

खोदाई दोन टप्प्यांत करायची. पहिल्या टप्प्यात फुटिंगचे, म्हणजे कॉलमच्या पायाचे, खड्डे खणायचेच नाहीत. जोत्याची पूर्ण जागा आणि चारही बाजूंनी अर्धा मीटर जास्त, एवढ्या भागातली काळी माती सलग काढून एका बाजूला टाकायची. खालचा पिवळसर मिश्र थर पातळ असेल तर तोही काळ्याच ढिगात जाऊ द्या. मुरुमाचा स्वच्छ पृष्ठभाग दिसला की थांबायचं. मग आखणी करून, दुसऱ्या टप्प्यात खड्डे घ्यायचे. आता जे निघेल ते सगळं मुरूमच असेल.

जेसीबीवाल्याला हे काम सुरू होण्याआधीच सांगावं लागतं. त्याची सवय एकाच जागी उभं राहून वरपासून खालपर्यंत खड्डा पुरा करण्याची असते, कारण त्यात त्याच्या मशीनची हालचाल कमी होते. दोन टप्प्यांत मशीनचे एक-दोन तास जास्त जातात. ते पैसे द्या, पुढचा हिशोब बघितलात की ते का परवडतं हे कळेल.

ढीग कुठे टाकायचे हेही आधीच ठरवा. मुरुमाचा ढीग जोत्याच्या जवळ, पण खड्ड्याच्या कडेपासून निदान दीड मीटर लांब हवा, नाहीतर कडा ढासळते आणि खड्ड्यात उतरलेल्या माणसांच्या जिवावर बेतते. काळ्या मातीचा ढीग फाटकाजवळ ठेवा, कारण तिचा बराचसा भाग बाहेर जाणार आहे. शेजाऱ्याच्या कंपाउंड भिंतीला टेकवून कोणताही ढीग लावू नका. ती भिंत आडवा दाब घेण्यासाठी बांधलेली नसते आणि पावसात ढीग भिजून जड झाला की ती कलते. झाडाच्या बुंध्याभोवतीही नको.

माझ्या प्लॉटवर किती माती निघेल, किती लागेल? एक उदाहरण द्या.

धरा, प्लॉट १५ × २० मीटरचा आहे आणि घराचा जोता ९ × १२ मीटरचा. वर ३० सेंटिमीटर काळी माती, खाली मुरूम. १२ फुटिंग, प्रत्येक खड्डा १.८ × १.८ मीटर, जमिनीपासून २ मीटर खोल. शिवाय बाजूला जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीसाठी ३.५ × ३ मीटरचा, अडीच मीटर खोल खड्डा.

अर्धा मीटर जास्तीची जागा धरून काळी माती काढायची ती १० × १३ मीटरमधून, म्हणजे ३९ घनमीटर. टाकीच्या जागेवरची ३ घनमीटर धरली की ४२. खड्ड्यांतून मुरूम निघतो ६६ घनमीटर आणि टाकीतून २३, मिळून ८९.

आता गरज बघू. फुटिंग, खालचं पीसीसी म्हणजे बिनसळईचं काँक्रीट आणि कॉलमचा जमिनीखालचा भाग खड्ड्यांतली सुमारे १७ घनमीटर जागा घेतो, म्हणून खड्डे भरायला ४९ घनमीटर दाबलेला मुरूम लागेल. जोता जमिनीपासून ४५ सेंटिमीटर वर आहे, त्यातले वरचे २० सेंटिमीटर सोलिंग म्हणजे दगडांचा थर आणि पीसीसीसाठी सोडले, तर काळी माती काढलेल्या पातळीपासून ५५ सेंटिमीटर भराव येतो. बीमची जागा वजा करून आतलं क्षेत्र १०० चौरस मीटर धरलं की झाले ५५ घनमीटर. जोत्याभोवतीच्या अर्ध्या मीटर पट्ट्यात आणखी ७. एकूण १११.

खोदलेला ८९ घनमीटर मुरूम चांगला दाबला की तो ८५ च्या आसपास भरतो. म्हणजे २६ घनमीटर कमी पडतो. विकत येणारा मुरूम सुटा असतो आणि दाबल्यावर बसतो, म्हणून त्याच्या १.३ पट, सुमारे ३४ घनमीटर मागवावा लागेल. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट किंवा २.८३ घनमीटर, त्या हिशोबाने १२ ब्रास.

काळ्या मातीतली १२ घनमीटर ८० चौरस मीटरच्या बागेत १५ सेंटिमीटर पसरता येते. उरलेली ३० घनमीटर खोदल्यावर फुगून ३९ होते, म्हणजे १४ ब्रास बाहेर.

थोडक्यात १४ ब्रास बाहेर आणि १२ ब्रास आत. हेच दोन माल मिसळले असते तर सगळाच्या सगळा ढीग, सुटा मोजून ६० ब्रास, बाहेर न्यावा लागला असता आणि पूर्ण भरावासाठी ५१ ब्रास मुरूम विकत आणावा लागला असता. मशीनच्या एक-दोन तासांच्या भाड्यासमोर हा आकडा ठेवा. मुरूम घेऊन येणारी गाडी परतताना काळी माती नेणार का, हे ठरवूनच भाव बोला. रिकाम्या फेरीचे पैसे वाचतात.

भराव कसा करायचा? थर किती जाडीचा?

सुटा २० सेंटिमीटरचा थर टाका, तो दाबून १५ च्या आसपास बसतो. मुठीपेक्षा मोठे दगड वेचून बाजूला काढा, ते सोलिंगला कामी येतात. दगडाच्या भोवती पोकळी राहते आणि पुढे तिथेच फरशी खचते. थरावर पाणी शिंपडून मुरूम ओलसर करा: हातात दाबला तर गोळा व्हावा, पण तळहात चिखलाने माखू नये. मग प्लेट कॉम्पॅक्टर निदान चार वेळा फिरवा. बीमच्या आणि कॉलमच्या कडेला मशीन पोहोचत नाही, तिथे धुम्मसने कुटावंच लागतं. पुढे खचतं ते बहुतेक या कडेलाच, म्हणून या वीतभर पट्टीवर स्वतः उभं राहून काम करून घ्या.

फुटिंगच्या खड्ड्यांत भराव करताना कॉलमच्या चारही बाजूंनी सारखा वर आणा. एकाच बाजूने खड्डा भरून दाबला तर नवा कॉलम ढकलला जातो.

गवंडी म्हणतो, भराव एकदम टाकू आणि पाणी सोडून ठेवू, आपोआप बसेल. चालेल का?

नाही. पाणी सोडल्यावर वरचा फूटभर भाग बसल्यासारखा वाटतो, कारण बारीक माती वाहून पोकळ्यांत जाते. खालचा ८-१० इंच भाग तसाच सैल राहतो आणि वर वजन आल्यावर दोन-तीन वर्षांत खचतो. पाण्याने भरलेली पोकळी दाबता येत नाही, म्हणून पाणी तुंबवलेल्या भरावावर मशीन फिरवून उपयोग नसतो. खाली कुठे काळ्या मातीचा कप्पा राहिला असेल तर तेच पाणी तिला फुगवतं, आणि ती पुढे वाळून आकसली की वरचा भराव पुन्हा हलतो.

भराव नीट दाबला गेला हे तपासायचं कसं?

पक्की तपासणी म्हणजे घनता मोजणे. प्रयोगशाळा तुमच्या मुरुमाच्या नमुन्यावर प्रॉक्टर चाचणी करून जास्तीत जास्त कोरडी घनता आणि त्यासाठी लागणारा ओलावा सांगते. जागेवरची घनता त्याच्या ९५ टक्के आली तर घराच्या जोत्याला पुरेशी आहे. मुरुमात खडे असल्यामुळे नळी ठोकून नमुना घेण्याची पद्धत नीट चालत नाही, नळी खड्याला अडून बाजूची माती हलवते. म्हणून वाळू ओतून खड्ड्याचं आकारमान मोजण्याची पद्धत मागा. १०० चौरस मीटरच्या जोत्यात एका आड एका थरावर दोन ठिकाणी केली तरी पुरे.

रोजच्या कामात १२ मिमीची सळई घ्या आणि शरीराचं वजन देऊन दाबा. चांगल्या दाबलेल्या थरात ती दोन-तीन इंचांत अडते. सहज हातभर आत गेली तर थर उकरून पुन्हा दाबावा.

आमच्याकडे काळी माती दीड-दोन मीटर आहे. सगळी काढणं परवडणार नाही. मग?

तेव्हा फरशी जमिनीवर न टेकवता बीमवर टाकलेला स्लॅब हा सर्वात खात्रीचा मार्ग, आणि स्लॅबखाली मोकळी जागा ठेवायची. दुसरा मार्ग म्हणजे काही खोलीपर्यंत काळी माती काढून तिच्या जागी न फुगणाऱ्या, पण थोडा चिकटपणा असलेल्या मुरुमाचा जाड दाबलेला थर देणे. आय.आय.टी. मुंबईत प्रा. आर. के. कट्टी यांनी या पद्धतीवर मोठं काम केलं, तिथे हा थर साधारण मीटरभर जाडीचा सांगितला जातो. हा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनीअरचाच.

चुना मिसळून काळी माती सुधारता येते हेही खरं आहे. कोरड्या मातीच्या वजनाच्या ३ ते ६ टक्के विरलेला चुना मिसळून, ओलसर करून दिवस-दोन दिवस मुरवतात, पुन्हा उलटवून दाबतात. माती भुसभुशीत होते, फुगवटा बराच घटतो. पण ओली काळी माती ढेकळांनी भरलेली असते आणि फावड्याने चुना ढेकळाच्या आत जातच नाही. रस्त्याच्या कामात हे फिरत्या पात्यांच्या यंत्राने करतात. बंगल्याच्या जागेवर हाताने केलेलं मिश्रण ढेकळाला बाहेरून चुना फासल्यासारखं राहतं आणि पैसे वाया जातात. यंत्र मिळत नसेल तर हा नाद सोडा.

उरलेली काळी माती कुठे द्यायची? नदीकाठी किंवा टेकडीवर टाकतात तसं चालतं का?

मुळीच नाही. निळ्या पूररेषेच्या आत भराव टाकला की नदीचं पात्र अरुंद होतं आणि वरच्या वस्त्यांमध्ये पाणी चढतं. नाला बुजवणं त्याहून वाईट, कारण त्याचं पाणी पुढच्या पावसात शेजाऱ्यांच्या पार्किंगमध्ये येतं. गाडीवाला माती कुठे रिकामी करतो याची जबाबदारी मालकावरही येते, म्हणून जागा आधी बघा आणि गाडी रिकामी होतानाचे फोटो मागवा.

तिला चांगलं गिऱ्हाईक आहे शेती आणि बाग. वरची ३० सेंटिमीटर माती सर्वात सुपीक, तीच आधी वेगळी ठेवा. टेकडीकडच्या मुरमाड रानात शेतकरी ती आनंदाने घेतात. नर्सरीवाल्यांनाही लागते, फक्त ते तण आणि राडारोडा नसलेली मागतात. गच्चीवरच्या कुंड्यांत नुसती काळी माती घालू नका, ती पाणी धरून मुळं कुजवते. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग बारीक मुरूम किंवा कोकोपीट घ्या.

घराभोवतीचं सपाटीकरण करताना बागेच्या भागात ती चालते, पण जोत्यापासून निदान मीटरभर मुरूम ठेवा आणि उतार घरापासून बाहेर द्या. पार्किंग आणि पेव्हर ब्लॉकखाली मात्र मुरूमच.

महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा आणि माती निघणाऱ्या प्रकल्पांवर २०१६ च्या बांधकाम कचरा नियमांनी काँक्रीट, माती, लोखंड, विटा असे प्रवाह वेगळे ठेवण्याचं बंधन घातलं. राडारोड्यासाठी महापालिकेचा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीत आहे. स्वच्छ मुरूम किंवा माती त्या गाडीत घालू नका, तिचा उपयोग तुमच्याच जागेवर आहे.

आमच्याच पायाचा मुरूम आमच्याच जोत्यात भरला तर रॉयल्टी लागते का?

हा वाद पुण्यातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ‘प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशन ऑफ पुणे विरुद्ध महाराष्ट्र शासन’ या प्रकरणाचा निकाल ३ डिसेंबर २०१४ रोजी लागला. मुद्दा असा होता: भराव आणि सपाटीकरणासाठी वापरलेली साधी माती गौण खनिज ठरवणारी अधिसूचना पायाच्या खोदाईला आपोआप लागू होते का? न्यायालयाने सांगितलं, माती कशासाठी वापरली हे बघावं लागेल. केवळ पायासाठी खोदलं एवढ्यावरून गौण खनिजाचं उत्खनन ठरत नाही.

याचा अर्थ सगळं माफ असा घेऊ नका. मुरूम प्लॉटच्या बाहेर गेला, विकला किंवा दुसऱ्या जागेच्या भरावासाठी वापरला की स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टी आणि वाहतूक परवान्याचा प्रश्न येतो. परवान्याशिवाय गाडी सापडली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली मोठा दंड होतो. म्हणून बाहेर पाठवण्याआधी तहसील कार्यालयाच्या गौण खनिज शाखेत विचारा, आणि चालू दरही तिथेच कळतो. विकत घेतलेल्या मुरुमाचीही पावती आणि वाहतूक पास मागून घ्या.

आपल्याच जागेवर वापरत असाल तर वहीत चार गोष्टी असू द्या: चाचणी खड्ड्यांचे फोटो, खोदलेलं आकारमान, भरलेलं आकारमान आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक गाडीचा क्रमांक व तारीख. वर दिलेल्या उदाहरणासारखा हिशोब इंजिनीअरच्या सहीने असला की तपासणीच्या वेळी बोलायला जागा असते.

या मातीच्या दाबलेल्या विटा करता येतील का?

मुरुमाच्या करता येतात, काळ्या मातीच्या नाहीत. दाबलेल्या मातीच्या विटेला वाळूसारखा कणांचा सांगाडा लागतो आणि तो धरून ठेवायला थोडी चिकणमाती. चाळलेल्या मुरुमात सांगाडा असतो, चिकटपणा कधी कमी पडतो. काळ्या मातीत चिकटपणाच चिकटपणा, म्हणून वीट वाळताना तडकते. मुरूम फारच खरखरीत असेल आणि वीट साच्यातून काढताना कडा सुटत असतील तर वाळवून कुटलेली काळी माती दहा भागांना एक भाग मिसळून बघा. त्याहून जास्त नको.

सिमेंट किती घालायचं हे माती किती आकसते त्यावर ठरतं. ६० सेंटिमीटर लांब आणि ४ × ४ सेंटिमीटर पोकळीची लाकडी पेटी करा, आतून तेल लावा. चाळलेली माती ओली करून, कुटून पेटीत भरा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. मग सगळे तुकडे एका टोकाला सरकवून दुसऱ्या टोकाची फट मोजा. फट १५ मिमीपर्यंत असेल तर एक भाग सिमेंटला १८ भाग माती, ३० मिमीपर्यंत १६ भाग, ४५ मिमीपर्यंत १४ आणि ६० मिमीपर्यंत १२. त्याहून फट मोठी असेल तर क्रश सँड मिसळून चाचणी पुन्हा करा, सिमेंट वाढवत बसू नका.

विटा पाडण्याची पद्धत सांगा.

मुरूम ५ मिमीच्या जाळीतून चाळा. सिमेंटच्या गोणीच्या मापाचा, म्हणजे ३५ लिटरचा फर्मा करून घ्या, घमेल्याने मोजलेलं प्रमाण दर वेळी बदलतं. १ ला १६ प्रमाण असेल तर १६ फर्मे मुरूम आणि एक गोणी सिमेंट कोरडंच तीनदा उलटवा, रंग एकसारखा दिसेपर्यंत. मग झारीने पाणी शिंपडत मिसळा.

पाण्याची खूण हातानेच कळते. मुठीत गोळा करा आणि छातीच्या उंचीवरून टणक जमिनीवर सोडा. चार-पाच मोठे तुकडे झाले तर बरोबर. भुगा झाला तर कोरडं, चपटा होऊन चिकटला तर ओलं. पाणी घातल्यावर सिमेंट थांबत नाही, म्हणून माल अर्ध्या-पाऊण तासात संपवायचा. गोणीच्या मोठ्या घाण्याला दोन माणसं पुरत नसतील तर अर्ध्या गोणीचा घाणा करा.

हाताने चालवायच्या प्रेसमध्ये २४ × २४ × ९ सेंटिमीटरची वीट निघते, वजन १० किलोच्या आसपास. साच्यात दर वेळी तोलून सारखाच माल टाका. कमी टाकला तर दाब कमी बसतो आणि वीट बाहेरून छान दिसूनही आतून भुसभुशीत राहते. ताजी वीट दोन्ही तळहातांनी सपाट उचलून सावलीत ठेवा, प्लास्टिकने दोन दिवस झाका आणि पुढे २८ दिवस रोज पाणी मारा. एप्रिल-मे मध्ये पुण्यात दिवसातून दोनदा मारावं लागतं. ही शिस्त पाळली गेली नाही तर आधीचं सगळं फुकट जातं.

एका गोणीत किती विटा? परवडतं का?

१ ला १६ प्रमाणात एका गोणीत सुमारे ८० विटा होतात. २० मीटर लांब आणि दीड मीटर उंच कंपाउंड भिंतीला, सांधे धरून चौरस मीटरला ४० प्रमाणे १२०० विटा लागतील, म्हणजे १५ गोण्या सिमेंट आणि चाळलेला सुटा मुरूम सुमारे तीन ब्रास. चाळणीवर राहिलेले खडे सोलिंगला जातात.

पण वरच्या उदाहरणातल्या प्लॉटवर मुरूम आधीच १२ ब्रास कमी पडतो आहे. तिथे विटांसाठी घेतलेला प्रत्येक ब्रास पुन्हा विकत आणावा लागेल, आणि प्रेसचं भाडं व चाळण्याची मजुरी वेगळी. अशा ठिकाणी पहिला हक्क भरावाचा. खोदाईतून मुरूम उरत असेल, म्हणजे पार्किंगसाठी अर्ध-तळघर असेल किंवा टेकडीचा उतार कापावा लागत असेल, तरच विटांचा विचार करा.

विटा चांगल्या झाल्या की नाही हे कसं ओळखायचं, आणि कुठे वापरू नयेत?

२८ दिवसांनी पाच विटा २४ तास पाण्यात बुडवून ठेवा. कडा विरघळल्या, नखाने माती निघाली किंवा पाणी गढूळ झालं तर सिमेंट, मिसळणं किंवा पाणी मारणं यांपैकी काहीतरी कमी पडलं आहे. प्रयोगशाळेत दाबसामर्थ्य तपासताना वीट ओलीच तपासायला सांगा. कोरडी वीट जास्त आकडा देते आणि तो पावसाळ्यात उपयोगी नाही. या विटांचं भारतीय मानक आय.एस. १७२५ आहे.

पृष्ठभागावर जाळीसारख्या बारीक भेगा म्हणजे चिकणमाती जास्त किंवा ऊन लागलं. थरांसारखी आडवी चीर म्हणजे माल फार ओला होता किंवा साच्यात जास्त भरला. कोपरे तुटत असतील तर माल कोरडा होता.

जमिनीलगतचे पहिले दोन थर दगडाचे किंवा काँक्रीटच्या ब्लॉकचे घ्या, बाथरूमच्या भिंती आणि पाण्याची टाकी यांसाठी या विटा नकोत. कंपाउंड भिंतीच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना बाहेर येणारी, खालून पागोळी असलेली काँक्रीटची पट्टी द्या. पुण्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, त्या बाजूच्या भिंतीला प्लास्टर करा. आणि भिंत जोडताना विटेपेक्षा मसाला कडक ठेवू नका: एक भाग सिमेंट, दोन भाग चाळलेला मुरूम आणि सहा भाग क्रश सँड हा मसाला विटेबरोबर नीट काम करतो.